प्लॅन रद्द केला, तरी ॲप चालूच. मग उरलेल्या दिवसांच्या पैशांचे काय?

प्रश्न : मी साताऱ्याला राहतो. ओटीटीचा ४९९ रुपयांचा महिन्याचा प्लॅन ५ जानेवारीला यूपीआयवरून आपोआप पुन्हा सुरू झाला. मी ९ तारखेला तो रद्द केला, तर ॲप म्हणते ४ फेब्रुवारीपर्यंत चालेल. रद्द केलेले चालू कसे राहते? आणि मला बघायचेच नाही, तर २६ दिवसांचे पैसे परत का देत नाहीत? बँकेत तक्रार करू का?

उत्तर : आपण जे बटण दाबले त्यावर ‘रद्द करा’ असे लिहिलेले असले, तरी त्या बटणाने चालू महिन्याचा प्लॅन रद्द होत नाही. रद्द होते ते ५ फेब्रुवारीला होणारे पुढचे नूतनीकरण. गोंधळाचे मूळ या एका शब्दात आहे. मी बारा वर्षे वर्गणीवर चालणाऱ्या सेवांच्या बिलिंगचे काम करतो, त्यांतील निम्मी पुण्यात आणि निम्मी इथे सांगलीत घरून, आणि त्या बटणावर ‘पुढील महिन्यापासून पैसे घेऊ नका’ एवढेच सरळ लिहावे असे मला नेहमी वाटत आले आहे. तसे लिहिले असते, तर आपला निम्मा प्रश्न पडलाच नसता.

बिलिंगच्या प्रणालीत ९ तारखेला नेमके काय घडले ते पाहिले, तर हे स्पष्ट होते. अशा प्रणालीत प्रत्येक वर्गणीदाराची एक नोंद असते, आणि आपण बटण दाबल्यावर त्या नोंदीतील फक्त एक खूण बदलते. एका प्रचलित प्रणालीच्या भाषेत आपली नोंद साधारण अशी दिसेल :

```
status: active
cancel_at_period_end: true
current_period_end: 4 February
```

पहिली ओळ सांगते की वर्गणी चालू आहे, आणि ती ९ तारखेनंतरही तशीच राहिली. बदलली ती दुसरी ओळ. तिचा अर्थ ‘मुदत संपल्यावर थांबवा’ असा होतो. मुदत कधी संपते हे तिसरी ओळ सांगते. ४ फेब्रुवारी उलटल्यावर यंत्रणा ही खूण पाहते आणि नवीन बिल न काढता पहिल्या ओळीतील ‘चालू’चे ‘बंद’ करते. तोपर्यंत, सिनेमा लावू द्यायचा की नाही हे ठरवणारा भाग पहिलीच ओळ वाचत असल्यामुळे, ॲप आपल्याला अडवत नाही. रद्द करणे ‘लागू झाले नाही’ म्हणून ॲप चालते आहे असे नसून, रद्द करण्याची व्याख्याच मुळी तशी आहे.

आता पैशांचा मुद्दा. ॲप चालू का राहते आणि पैसे परत का मिळत नाहीत, असे दोन प्रश्न आपण वेगवेगळे विचारले आहेत. माझ्या मते ते एकाच व्यवहाराचे दोन भाग आहेत. आपण ५ जानेवारीला ३१ दिवसांचे पैसे आगाऊ भरले. कंपनीने ९ तारखेला ॲप बंद केले असते आणि पैसेही ठेवून घेतले असते, तर तो उघड अन्याय ठरला असता, आणि आपण ग्राहक आयोगात गेला असता, तर आपली बाजू भक्कम असती. तसे होऊ नये म्हणूनच मुदत संपेपर्यंत सेवा चालू ठेवली जाते. पैसे घेतले आहेत तेवढी सेवा उपलब्ध राहील, आणि सेवा उपलब्ध राहते म्हणून पैसे परत होणार नाहीत, असा हा करार आहे. बहुतेक मोठ्या सेवांच्या अटींमध्ये, अंशतः वापरलेल्या मुदतीसाठी किंवा न पाहिलेल्या कार्यक्रमांसाठी परतावा मिळणार नाही, असे वाक्य असते आणि पहिल्यांदा पैसे भरताना आपण त्याला होकार दिलेला असतो. अटी कोणी वाचत नाही हे मलाही ठाऊक आहे, परंतु हे वाक्य सहसा बारीक अक्षरांच्या तळाशी लपवलेले नसते. रद्द करण्याच्या पडद्यावरही ‘अमुक तारखेपर्यंत पाहता येईल’ असे पुन्हा सांगितले जाते.

हा हिशेब आपल्याला खटकतो, कारण आपली सवय खाड्याची आहे. दुधाचा रतीब असतो, आपण चार दिवस गावाला जातो, आणि गवळी महिन्याच्या बिलातून चार खाडे वजा करतो. पेपरवाला करतो, आणि इथे विश्रामबागेतल्या विद्यार्थ्यांच्या मेसमध्येही आधी सांगितले असेल, तर खाडा धरतात. मात्र खाडा का धरला जातो ते पाहावे. आपण घेतले नाही ते दूध गवळी दुसऱ्याला विकतो किंवा डेअरीला घालतो. मेसमध्ये दोन पोळ्या कमी लाटल्या जातात. दररोजची वस्तू वेगळी मोजता येते आणि ती न दिल्याने देणाऱ्याचे काहीतरी वाचते. शिवाय दुधाचे बिल बहुधा महिनाअखेरीस होते, त्यामुळे ‘परत’ करण्याचा प्रश्नच येत नाही, फक्त कमी घ्यायचे असते.

ओटीटीची जात वेगळी आहे, आणि तिच्याशी जुळणारे उदाहरण हवे असेल, तर ते नगरवाचनालयाचे. वाचनालयात अनामत आणि मासिक वर्गणी अशा दोन रकमा असतात. सभासदत्व सोडताना पुस्तक जमा केले की अनामत परत मिळते, परंतु पाच तारखेला भरलेली वर्गणी नवव्या दिवशी परत मागायला कोणी काउंटरवर जात नाही, कारण ती पुस्तकांची किंमत नसून महिनाभर कोणतेही पुस्तक नेता येण्याच्या सोयीची किंमत असते. आपण महिन्यात एकच पुस्तक नेले म्हणून ग्रंथपाल वर्गणी कमी करत नाहीत, आणि बारा नेली म्हणून वाढवतही नाहीत. आपले ४९९ रुपये अगदी याच प्रकारचे आहेत. त्यात अनामतीचा भाग नाही, म्हणून सोडताना परत मिळण्यासारखेही काही नाही.

यावर एक चोख आक्षेप घेता येतो, आणि तो हिशेबाची जाण असलेल्या माणसाकडूनच येतो. कंपनी आपल्या वह्यांमध्ये ४९९ रुपये ५ तारखेलाच पूर्ण उत्पन्न म्हणून दाखवत नाही. त्यातून १८ टक्के जीएसटी वेगळा काढला की सुमारे ४२२ रुपये ८८ पैसे उरतात, आणि ही रक्कम ३१ दिवसांवर वाटून रोज थोडी थोडी उत्पन्नात जमा होते. ९ जानेवारीच्या रात्री पाच दिवसांचे सुमारे ६८ रुपये ‘कमावलेले’ असतात आणि उरलेले सुमारे ३५५ रुपये अजून ग्राहकाचे देणे म्हणून खात्यावर असतात. मग जे देणे आहे ते द्या की, असे म्हणता येईल. परंतु ते देणे रोख रकमेचे नसून सेवेचे असते. ३५५ रुपयांचे पाहणे उपलब्ध करून देणे एवढेच कंपनी लागते, आणि ॲप चालू ठेवून ती ते फेडत असते. पैसे परत करण्याची बांधिलकी आहे की नाही हे हिशेबाची पद्धत ठरवत नाही, ते करारातील अट ठरवते. हीच रक्कम परतावा देणाऱ्या कंपनीच्या वहीतही तशीच दिसेल, फक्त तिच्या अटी वेगळ्या असतील.

याचा अर्थ दिवसांचा हिशेब करता येत नाही असा मुळीच नाही, आणि ‘आमच्या यंत्रणेत तशी सोय नाही’ असे आपल्याला फोनवर कोणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. आपल्या बाबतीत तो हिशेब ४९९ भागिले ३१ गुणिले २६, म्हणजे सुमारे ४१८ रुपये ५० पैसे, एवढा सरळ आहे. महिन्याच्या मध्यात आपण वरच्या प्लॅनवर गेलात, तर अनेक सेवा हाच हिशेब क्षणात करतात आणि जुन्या प्लॅनच्या उरलेल्या दिवसांची रक्कम नव्यात वळती करतात. तिथे पैसा कंपनीतच राहतो, रद्द करताना तो बाहेर जातो, हा फरक आहे. तेव्हा अंशतः परतावा न देणे ही कंपनीची निवड आहे, तांत्रिक अडचण नव्हे.

या निवडीमागे दोन कारणे आहेत. लहान कारण परताव्याच्या खटाटोपाचे आहे. ४१८ रुपये परत करायचे, तर जीएसटीचा सुमारे ६४ रुपयांचा भाग कमी करण्यासाठी क्रेडिट नोट काढावी लागते, पेमेंट गेटवेने पैसे घेताना आकारलेले शुल्क बहुधा परत मिळत नाही, आणि ‘पैसे अजून जमा झाले नाहीत’ असे फोन घेणाऱ्या माणसांचा पगार द्यावा लागतो. हे खरे असले, तरी एवढ्याने धोरण ठरत नाही.

मोठे कारण किंमत ठरवण्याच्या पद्धतीत आहे. सिनेमे आणि मालिका यांचे हक्क कंपनी ठरावीक काळासाठी एकरकमी विकत घेते. आपण पाहिले किंवा नाही, त्या खर्चात फरक पडत नाही. आणि पाहणारा माणूस महिन्यातील सगळे दिवस सारखे पाहत नाही. नवीन मालिकेचे आठ भाग शुक्रवारी रात्री आले, की रविवारी संध्याकाळपर्यंत ते संपवणारे पुष्कळ असतात. दिवसाच्या हिशेबाने परतावा मिळू लागला, तर शुक्रवारी पैसे भरायचे, तीन दिवसांत हवे ते पाहून सोमवारी रद्द करायचे आणि नव्वद टक्के रक्कम परत घ्यायची, असे करता येईल. म्हणजे ४९९ रुपयांचा प्लॅन ४८ रुपयांना पडेल. मग महिन्याचा दर ४९९ राहणार नाही, हे सांगायला नको. महिना हे विक्रीचे किमान माप आहे, जसे किराणा दुकानात पाकीटबंद वस्तूचे असते. पाकीट फोडून मूठभर घेऊन उरलेले परत करता येत नाही.

हा युक्तिवाद मला महिन्याच्या प्लॅनपुरता पटतो. वर्षाच्या प्लॅनबाबत तो तितक्या सहज पटत नाही, हेही सांगितले पाहिजे. वर्षाचे पैसे भरून तिसऱ्या महिन्यात रद्द केले, तर नियम तोच लागतो आणि सेवा पुढचे नऊ महिने चालू राहते. परंतु एवढ्या मोठ्या काळात ग्राहकाची परिस्थिती बदलू शकते, आणि ‘तीन दिवसांत पाहून पळणारा’ ही भीती तिथे तितकीशी उरत नाही. शिकवणी वर्गांनी दोन वर्षांचे शुल्क एकरकमी घेऊन, विद्यार्थ्याने मध्येच वर्ग सोडल्यावर काहीच परत न दिल्याच्या प्रकरणांत ग्राहक आयोगांनी उरलेले शुल्क परत करण्याचे आदेश दिलेले आहेत. मात्र तो दाखला ओटीटीला जसाच्या तसा लावता येत नाही. वर्ग सोडलेल्या मुलाला पुढे काही मिळत नाही, आणि ओटीटीचा ग्राहक ठरवले, तर शेवटच्या दिवसापर्यंत पाहू शकतो. माझा स्वतःचा सल्ला एवढाच, की पहिले तीन-चार महिने महिन्याच्या प्लॅनवर काढल्याशिवाय वर्षाचा घेऊ नये. वर्षाच्या प्लॅनमधील सवलत ही परत न जाण्याच्या कबुलीची किंमत असते.

आता बँकेत तक्रार करण्याविषयी. आपल्या सध्याच्या प्रकरणात ती करू नये. कार्डाच्या व्यवहारांत ‘रद्द केलेली आवर्ती वसुली’ या कारणाखाली रक्कम परत मागता येते, परंतु ते कारण रद्द केल्याच्या तारखेनंतर झालेल्या वसुलीसाठी आहे. आपली वसुली ५ तारखेची आणि रद्द करणे ९ तारखेचे. यूपीआयच्या तक्रारीतही हाच क्रम पाहिला जाईल. कंपनी उत्तरादाखल वरची नोंद आणि आपण ५ ते ९ या दिवसांत काय पाहिले त्याची यादी दाखवेल, आणि तक्रार फेटाळली जाईल. कार्डावर वाद उभा राहिला की काही कंपन्या तो निकाली निघेपर्यंत खातेच गोठवतात. मग उरलेले दिवसही हातातून जातात.

आपल्या जागी पैसे हक्काने मागावेत असे प्रसंग वेगळे आहेत. ५ फेब्रुवारीला किंवा त्यानंतर पुन्हा ४९९ रुपये गेले, तर ते पूर्ण परत मिळाले पाहिजेत. एकाच महिन्याचे दोनदा गेले असतील, तर एक वसुली परत यायला हवी. पैसे घेऊन सेवा दिवसेंदिवस बंद राहिली किंवा कंपनीने आपली चूक नसताना स्वतःहून खाते बंद केले, तर तो सेवेतील त्रुटीचा विषय होतो आणि ‘परतावा नाही’ ही अट तिथे ढाल म्हणून चालत नाही. आणि रद्द करण्याचे बटणच सापडू नये अशी मांडणी केलेली असेल, तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत वर्गणीच्या अशा सापळ्याला फसव्या मांडणीचा प्रकार म्हणून प्रतिबंध केलेला आहे. अशा वेळी पडद्याची छायाचित्रे जपून ठेवावीत, आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, आणि उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी.

शेवटी, आपले रद्द करणे खरोखर झाले आहे का हे तपासून घ्यावे, कारण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी खऱ्या अर्थाने पैसे बुडालेल्या तक्रारी बहुधा इथल्या असतात. आमच्या शेजारच्या काकूंनी फोनमधून ॲप काढून टाकले आणि प्लॅन बंद झाला असे समजून सात महिने पैसे भरले. ॲप काढल्याने वर्गणी थांबत नाही. आपल्या खात्याच्या पानावर ‘४ फेब्रुवारीला संपेल’ अशा अर्थाची ओळ आणि जवळच ‘पुन्हा सुरू करा’ असे बटण दिसत असेल, तर काम झाले आहे. ते बटण मात्र उगाच दाबून पाहू नये; त्याने वर दाखवलेली दुसरी ओळ पुन्हा पूर्ववत होते आणि नूतनीकरण सुरू होते. प्लॅन गूगल प्ले किंवा ॲपलच्या दुकानातून घेतला असेल, तर रद्दही तिथेच करावा लागतो. आणि ‘खाते हटवा’ हा पर्याय तर निराळाच आहे. काही सेवांत त्याने पाहणे लगेच बंद होते आणि तरीही पैसे परत मिळत नाहीत.

यूपीआयच्या बाजूने आपल्या ॲपमधील ऑटोपे विभागात या कंपनीचे मँडेट अजून दिसत असेल, तर यूपीआय पिन टाकून तेही रद्द करावे. नुसते मँडेट रद्द करून सेवेकडे तसेच सोडणे मला पसंत नाही, कारण कंपनीच्या लेखी आपण रद्द केलेले नसता, केवळ आपले पैसे आलेले नसतात, आणि मग आठवणीचे संदेश सुरू होतात. आधी सेवेकडे रद्द करावे आणि मग मँडेट काढावे, हा क्रम बरा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आवर्ती वसुलीपूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना यावी लागते. म्हणून ३ आणि ४ फेब्रुवारीला संदेशांकडे लक्ष ठेवावे. त्या दोन दिवसांत वसुलीची पूर्वसूचना आली, तर कुठेतरी काही राहून गेले आहे असे समजून लगेच पुन्हा तपासावे, शेवटच्या रात्रीची वाट पाहू नये, कारण वसुलीची प्रक्रिया एकदा सुरू झाली की बटण दाबूनही ती माघारी येत नाही.

४ तारखेच्या मध्यरात्रीनंतर ॲप चालूच असल्याचे दिसले, तर मात्र घाबरू नये. पुष्कळ कंपन्यांची घड्याळे भारतीय वेळेवर नसून जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, आणि त्यांची मध्यरात्र आपल्याकडे पहाटे साडेपाचला होते. ५ तारखेला सकाळी चहाच्या वेळी ॲप उघडून पाहावे आणि त्यासोबत बँकेचा संदेश आला नाही ना, हेही पाहावे.